वापरलेला पीएस५ घेण्यापूर्वी काय तपासावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमक्या कोणत्या कन्सोलसाठी आहे?

प्लेस्टेशन ५ साठी, आणि त्यातही मुख्यतः डिस्क ड्राइव्ह असलेल्या जुन्या, जाड बांध्याच्या मशीनसाठी. भारतात पीएस५ ची विक्री २ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्या पहिल्या खेपांतील मशीन आता मोठ्या संख्येने जुन्या बाजारात दिसतात आणि त्यांची एक वर्षाची वॉरंटी केव्हाच संपलेली असते. कन्सोलच्या मागच्या बाजूला असलेल्या लेबलवर CFI ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक छापलेला असतो. CFI-1000, CFI-1100 आणि CFI-1200 या मालिका जाड बांध्याच्या आहेत, तर CFI-2000 ही सडपातळ बांध्याची. मालिकेतील शेवटचे आकडे विक्रीचा विभाग दाखवतात, म्हणून भारतात विकलेल्या मशीनवर CFI-1008A किंवा CFI-1208A असे क्रमांक आढळतात. अक्षर A असेल तर मशीन डिस्क ड्राइव्हचे आहे आणि B असेल तर डिजिटल आवृत्तीचे. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, भाव बोलण्यापूर्वी या लेबलचा स्पष्ट फोटो मागवून घ्यावा.

पाहायला जाताना सोबत काय न्यावे आणि किती वेळ लागेल?

दीड तास हाताशी ठेवावा. विक्रेत्याला इतका वेळ देता येत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबत पीएस५ गेमची एक स्वच्छ डिस्क, चित्रपटाची एक साधी डीव्हीडी, स्वतःची एचडीएमआय केबल, डेटा वाहून नेणारी यूएसबी-सी केबल, एक पेन ड्राइव्ह आणि शक्य असल्यास लॅपटॉप न्यावा. टॉर्च तर मोबाइलमध्ये असतोच. गेम निवडताना ज्याचा जवळजवळ सगळा डेटा डिस्कवरच आहे असा निवडावा, कारण काही गेमच्या डिस्कवर थोडाच भाग असतो आणि उरलेले सर्व इंटरनेटवरून उतरवावे लागते. अशी डिस्क ड्राइव्ह तपासण्यासाठी निरुपयोगी ठरते.

भेट विक्रेत्याच्या घरी, त्याच्या टीव्हीसमोर व्हावी आणि तो टीव्ही ४के असावा. हॉटेलात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोके उघडून मशीनवर फक्त पांढरा दिवा लागतो हे पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. आणखी एक विनंती आधीच करून ठेवावी, ती म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत मशीन बंद ठेवावे. थंड मशीन सुरू होताना काय करते हे पाहण्याची संधी एकदाच मिळते.

डिस्क टाकताच गेमचे चित्र पडद्यावर दिसते. म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे ना?

नाही, आणि वापरलेल्या पीएस५ च्या बाबतीत सर्वांत जास्त लोक येथेच फसतात. पीएस५ वर गेम डिस्कवरून चालत नाही. पहिल्या वेळी डिस्कवरील सर्व डेटा आतल्या एसएसडीवर उतरवला जातो आणि त्यानंतर डिस्कचे काम केवळ किल्लीसारखे उरते. गेम सुरू करताना ड्राइव्ह डिस्क थोडीशी फिरवून ती खरी आहे याची खात्री करतो आणि थांबतो. त्यामुळे ज्याची लेझर थकलेली आहे असा ड्राइव्हसुद्धा आधीच उतरवलेला गेम मजेत सुरू करून दाखवतो. विक्रेता खोटे बोलत असतोच असे नाही. दोन वर्षे तेच तीन गेम खेळणाऱ्या माणसाला आपला ड्राइव्ह अर्धमेला झाला आहे हे ठाऊकही नसते.

खरी परीक्षा डेटा उतरवण्याचीच. त्यासाठी प्रथम सेटिंग्जमधून इंटरनेट बंद करावे, म्हणजे पडद्यावर पुढे सरकणारी पट्टी डिस्कची आहे की डाउनलोडची, हा गोंधळ राहत नाही. तुम्ही आणलेला गेम त्या मशीनवर आधीपासून असेल तर तो काढून टाकावा लागेल. विक्रेता बिचकला तर त्याला सांगावे की पीएस५ वर गेम काढल्याने सेव्ह डेटा जात नाही, तो स्वतंत्र ठेवलेला असतो. मग डिस्क टाकावी. मशीन आडवे असेल तर छापील बाजू वर आणि उभे असेल तर छापील बाजू डावीकडे ठेवावी. उभ्या मशीनमध्ये डिस्क उलटी टाकून ड्राइव्ह बिघडलेला ठरवणारे महाभागही आहेत.

ड्राइव्हने डिस्क बोटांतून हलकेच ओढून घ्यावी. ढकलावी लागली, अर्ध्यावर अडकली किंवा आत जाऊन लगेच परत आली, तर आतील रोलर झिजले आहेत किंवा यंत्रणा जागची हलली आहे असे समजावे. त्यानंतर डेटा उतरण्याचे टक्के पाहत बसावे. पीएस५ च्या गेम डिस्क अल्ट्रा एचडी ब्लू-रे प्रकारच्या असतात आणि त्यांत ६६ किंवा १०० जीबी डेटा एकाहून अधिक थरांमध्ये ठेवलेला असतो. पहिला थर नीट वाचणारी लेझर पुढच्या थरावर अडखळू शकते. म्हणून सुरुवातीचे दहा टक्के पाहून समाधान मानू नये, उतरवणे पूर्ण होऊ द्यावे आणि तोपर्यंत कंट्रोलर तपासून घ्यावा. या काळात फिरणाऱ्या डिस्कचा सलग घरघराट येणे स्वाभाविक आहे. घरघर थांबून टकटक असा ठरावीक अंतराने आवाज येणे आणि त्याच वेळी टक्के एकाच आकड्यावर रेंगाळणे हे मात्र लेझर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असल्याचे लक्षण आहे.

डीव्हीडी चालते पण गेमची डिस्क ओळखली जात नाही. असे का होते?

कारण दोन्ही वाचणारा प्रकाश वेगळा आहे. डीव्हीडी तांबड्या लेझरने वाचली जाते, तर ब्लू-रे ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर जांभळ्या लेझरने. दोन्ही एकाच डोक्यात बसवलेल्या असल्या तरी एक थकून दुसरी शाबूत राहू शकते. म्हणूनच सोबत डीव्हीडी न्यायची. गेम अडखळतो आणि डीव्हीडी सुरळीत चालते, तर दोष बहुधा निळ्या लेझरचा असतो. दोन्ही ओळखल्या जात नसतील तर भिंगावरची धूळ, फिरवणारी मोटर किंवा जोडणीची पट्टी यांपैकी काही कारण असण्याची शक्यता वाढते. जाता जाता एक सूचना: गाण्यांची ऑडिओ सीडी पीएस५ वर मुळातच चालत नाही, त्यामुळे ती टाकून काहीच सिद्ध होत नाही.

ड्राइव्ह बिघडलेला निघाला तर नवा बसवून घेता येईल का?

जाड बांध्याच्या मशीनमध्ये तसा सरळ बदलता येत नाही. त्या ड्राइव्हमधील छोटा सर्किट बोर्ड कारखान्यातच त्या मशीनच्या मदरबोर्डशी जोडून दिलेला असतो. दुसऱ्या कन्सोलमधला सुस्थितीतील अख्खा ड्राइव्ह काढून बसवला तरी मशीन त्यावरच्या डिस्क स्वीकारत नाही. दुरुस्ती करायची झाल्यास मूळ बोर्ड तसाच ठेवून फक्त लेझरचे डोके किंवा यांत्रिक भाग बदलावा लागतो. हे काम जाणकार कारागीर करू शकतो, पण मूळ बोर्डच जळालेला किंवा हरवलेला असेल तर ते मशीन व्यवहारात डिजिटल आवृत्ती झाले असे धरावे. पूर्वी कोणी ड्राइव्ह बदलण्याचा प्रयत्न केला होता का, हा प्रश्न त्यामुळे थेट विचारावा.

सडपातळ CFI-2000 मालिकेत ड्राइव्ह बाहेरून काढता आणि बसवता येतो, मात्र तो पहिल्यांदा बसवताना कन्सोल इंटरनेटवरून त्याच्याशी जोडणी करून घेतो. म्हणून असे मशीन घेताना ड्राइव्ह वेगळ्या पिशवीत दिला जात असेल, तर तो जागेवरच बसवून आणि जोडून दाखवण्यास सांगावे.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, याचे एखादे उदाहरण मिळेल का?

गेल्या पावसाळ्यात भाच्यासाठी पुण्यात एक CFI-1108A पाहायला गेलो होतो. मागितलेली किंमत २७,००० रुपये होती. मशीन निगुतीने वापरलेले, खोके आणि बिल दोन्ही जागेवर, विक्रेता नोकरीनिमित्त परगावी निघालेला. त्याने स्वतःची डिस्क टाकून गेम सुरू करून दाखवला, भाच्याने दोन मिनिटे खेळूनही पाहिले आणि माझ्याकडे आता पैसे द्या अशा नजरेने बघू लागला. मी इंटरनेट बंद केले, आणलेली डिस्क टाकली आणि चहा येईपर्यंत टक्के पाहत बसलो. चाळिशीपर्यंत सर्व सुरळीत होते. ४३ वर आकडा थांबला, टकटक सुरू झाली आणि काही मिनिटांनी डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश आला. डिस्क पुसून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ४४ वर तेच. तीच डिस्क माझ्या घरच्या मशीनवर आदल्या रात्री पूर्ण उतरलेली होती, त्यामुळे दोष डिस्कचा नाही हे दोघांनाही मान्य करावे लागले. आदल्या रात्रीची ही खात्री करून गेलो नसतो तर वाद तिथेच अडला असता.

विक्रेत्याला खरोखरच कल्पना नव्हती. ज्या ड्राइव्हवर विश्वास ठेवता येत नाही त्याची किंमत मी शून्य धरली आणि त्या भागात ड्राइव्ह नसलेली जुनी मशीन ज्या भावाला जात होती तो भाव सांगितला. २१,५०० रुपयांवर सौदा झाला. पुढे लेझर बदलायला कारागिराने खर्च सांगितला तो या फरकात बसत होता. पण दुरुस्ती टिकेलच याची हमी कोणी देत नसल्याने ड्राइव्ह नसलेल्या मशीनचाच भाव धरणे योग्य होते, असे मला आजही वाटते.

कंट्रोलरची स्टिक ड्रिफ्ट होते का, हे खात्रीने कसे ओळखावे?

स्टिकला हात न लावता पात्र आपोआप चालू लागणे किंवा कॅमेरा फिरू लागणे याला ड्रिफ्ट म्हणतात. ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या स्टिकखाली कार्बनच्या पातळ पट्टीवर घासत जाणारा धातूचा स्पर्शक असतो आणि त्या पट्टीचा प्रतिरोध मोजून स्टिक कुठे आहे हे ठरते. वापराने पट्टी झिजते, तिची भुकटी तिथेच साचते आणि मधल्या स्थितीचे माप चुकू लागते. ही झीज होणारच, प्रश्न ती किती झाली एवढाच असतो.

केवळ गेम खेळून हे कळत नाही, कारण बहुतेक गेम मध्याभोवतीची थोडी हालचाल मुद्दाम दुर्लक्षित करतात. या दुर्लक्षित पट्ट्याला डेड झोन म्हणतात आणि सुरुवातीचा ड्रिफ्ट त्यात बेमालूम लपतो. म्हणून कंट्रोलर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि ब्राउझरमध्ये hardwaretester.com/gamepad हे पान उघडून कोणतेही एक बटण दाबावे. पडद्यावर चार अक्षांचे आकडे दिसू लागतात. पहिले दोन डाव्या स्टिकचे आणि पुढचे दोन उजव्या स्टिकचे असतात. स्टिक सोडून दिलेली असताना 0.00392 असा आकडा दिसला तर घाबरू नये. कंट्रोलर ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत माप देतो, या मापांचा नेमका मध्य १२७.५ वर येतो आणि तशी पायरीच नसल्याने चांगल्या कंट्रोलरवरही एवढा फरक उरतोच. आकडा ०.०५ च्या आत स्थिर असेल तर चालवून घ्यावे. तो ०.१ च्या आसपास असेल, किंवा हात न लावता सतत थरथरत असेल, तर ड्रिफ्ट सुरू झाला आहे.

एकदाच पाहून थांबू नये. प्रत्येक स्टिक मिनिटभर जोरात गोल फिरवावी, चारही दिशांना टोकापर्यंत ढकलून झटकन सोडावी आणि मग आकडा मध्यावर परत येतो का हे पाहावे. टोकाला तो १ च्या अगदी जवळ पोहोचायला हवा. एका दिशेने सोडल्यावर ०.०१ आणि दुसऱ्या दिशेने सोडल्यावर ०.१२ असे वेगवेगळे थांबे दिसले तर मध्यभागी आणणारी स्प्रिंग सैल झालेली असते.

लॅपटॉप नसेल तर प्रत्येक पीएस५ मध्ये आधीपासून असलेला Astro's Playroom हा गेम उघडावा. ड्रिफ्ट मोजायला तो पुरेसा नाही, पण कंपने, ट्रिगरचा वाढता विरोध, टचपॅड, कंट्रोलरचा स्पीकर आणि फुंकर मारून चालणारा माइक हे सर्व पाऊण तासाच्या आत एकाच खेळात तपासून होते.

विक्रेता म्हणतो, कंट्रोलर रीसेट केला की ड्रिफ्ट जातो. खरे आहे का?

कंट्रोलरच्या मागच्या बाजूला टाचणीने दाबायचे एक बारीक छिद्र असते. त्यातील बटण पाच सेकंद दाबले की जोडणीची माहिती पुसली जाते. याने ब्लूटूथची कुरबुर मिटते, झिजलेली पट्टी भरून येत नाही. स्टिकच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारल्यास भुकटी निघून काही दिवस बरे वाटते आणि नेमक्या त्याच दिवसांत कंट्रोलर विकला जातो. वर सांगितलेले मिनिटभराचे जोरदार फिरवणे यासाठीच आहे. स्टिकच्या बुडाशी पांढरट डाग किंवा रसायनाचा वास जाणवला तर फवारणी अलीकडची समजावी. नवा ड्युअलसेन्स साधारण सहा हजार रुपयांना मिळतो. ड्रिफ्ट असेल तर व्यवहार मोडण्याची गरज नाही, एवढी रक्कम भावातून कमी करून घ्यावी.

पोर्टपैकी कोणता सर्वांत नाजूक असतो?

निःसंशय एचडीएमआय. यात १९ बारीक पिना असतात आणि केबल जोडलेली असताना मशीन ओढले गेले, किंवा अंधारात चाचपडत केबल तिरकी खुपसली, की त्या वाकतात. टॉर्च मारून पिना एका रांगेत, सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. पोर्टची धातूची चौकट फुगलेली किंवा तिरपी नसावी. पोर्ट पूर्वी बदललेला असेल तर त्याच्या आत किंवा कडेला डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे पिवळट डाग कधीकधी दिसतात. बदललेला पोर्ट म्हणजे वाईटच असे नव्हे, पण विक्रेत्याने ते आपणहून सांगितले का हे महत्त्वाचे.

नंतर स्वतःची केबल लावून मशीन सुरू करावे. दिवा आधी निळा होतो आणि मग पांढरा. पांढरा स्थिर झाला, कंट्रोलर जोडला गेला, पण टीव्हीवर चित्र नाही, अशी स्थिती बहुतेक वेळा एचडीएमआय पोर्टच्या किंवा त्यामागील चिपच्या दोषाची असते. दिवा निळाच लुकलुकून मशीन बंद पडले तर दोष अधिक खोल आहे आणि ते मशीन तिथेच सोडून निघावे. चित्र आले तरी सेटिंग्जमध्ये Screen and Video या विभागात जाऊन Video Output Information पाहावे आणि मशीन खरोखर २१६० रेषांचे चित्र देत आहे याची खात्री करावी. १०८० रेषांवर डेटाचा वेग कमी असल्याने अर्धवट खराब झालेला पोर्टही निभावून नेतो, ४के वर मात्र तोच पोर्ट ठिपके उमटवतो किंवा पडदा क्षणभर काळा करतो. म्हणूनच ४के टीव्हीचा आग्रह. चित्र चालू असताना केबलचे टोक बोटाने अगदी हलके वर-खाली करावे. तेवढ्याने चित्र गेले तर पोर्ट सैल आहे.

इतर पोर्टचे काय?

जाड मशीनला पुढे एक यूएसबी-सी आणि एक साधा यूएसबी, मागे दोन यूएसबी आणि एक लॅन पोर्ट असतो. साध्या यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून तो ओळखला जातो का हे पाहावे आणि यूएसबी-सी मध्ये केबलने कंट्रोलर जोडावा. लॅनचा पोर्ट वायफायच्या जमान्यात कोणी तपासत नाही, पण ज्या गावांत वळवाच्या पावसात विजा पडतात तिथे केबलमधून आलेल्या झटक्याने तो जळालेला असू शकतो. विक्रेत्याच्या राउटरची केबल दोन मिनिटे लावून पाहायला काही हरकत नसते.

मशीन तापून बंद पडते का, हे थोड्या वेळात कळते का?

अर्ध्या तासात बऱ्यापैकी कळते. पीएस५ च्या प्रोसेसरवर नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरला आहे आणि तो जागेवरून सरकला किंवा कुठे कोरडा राहिला, तर जड गेम खेळताना मशीन अति तापल्याचा इशारा देऊन बंद होते. डिस्क उतरून झाली की तोच गेम ४के वर वीस ते तीस मिनिटे चालू ठेवावा. पंख्याचा आवाज हळूहळू वाढणे ठीक, एकाएकी विमानासारखा होणे ठीक नाही. स्क्रूवरील सील फाटलेले असेल तर मशीन कधी आणि कशासाठी उघडले होते हे विचारून घ्यावे. वरची पांढरी झाकणे काढून धूळ पुसणे मात्र वापरकर्त्याला मुभा असलेले काम आहे, त्यावरून संशय घेऊ नये.

पीएस५ आयफोनप्रमाणे आधीच्या मालकाच्या खात्याला कुलूपबंद असतो का?

नाही. मशीन पूर्ण पुसून नव्या खात्याने सुरू करता येते, जुन्या मालकाचा पासवर्ड त्यासाठी लागत नाही. खरा धोका वेगळा आहे. खात्यावरची बंदी आणि मशीनवरची बंदी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. खाते बंद झाले तर नुकसान त्या माणसाचे, तुम्ही तुमचे खाते वापरता. पण फसवणूक किंवा छेडछाड झाल्यामुळे कंपनीने ते मशीनच प्लेस्टेशन नेटवर्कवर रोखले असेल, तर त्यावर कोणतेही खाते लॉगिन होत नाही आणि मशीन कितीही वेळा पुसले तरी ही बंदी सुटत नाही. डिस्कवरचे गेम चालतात, त्यामुळे वरवर सर्व ठीक भासते. ऑनलाइन खेळ, स्टोअर आणि विकत घेतलेले डिजिटल गेम मात्र कायमचे बंद.

बंदी आहे की नाही, हे कसे तपासावे?

विक्रेत्याच्या खात्याने स्टोअर उघडले म्हणजे झाले असे मानू नये. सर्व यांत्रिक तपासण्या झाल्यावर, पैसे देण्यापूर्वी, हा क्रम ठेवावा. विक्रेत्याने प्रथम Users and Accounts विभागातील Other मध्ये जाऊन Console Sharing and Offline Play बंद करावे. मग System विभागातील System Software मध्ये Reset Options उघडून Reset Your Console निवडावे. मशीन भाषा निवडण्याच्या पहिल्या पडद्यावर परत येते. आता ते तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावे, म्हणजे वायफायही तपासून होते, आणि नवे मोफत खाते उघडून लॉगिन करावे. स्वतःचे जुने, गेमने भरलेले खाते अनोळखी मशीनवर पहिल्याच दिवशी टाकण्याची घाई करू नये. खाते उघडताना निवडलेला देश पुढे बदलता येत नाही, तेव्हा भारत निवडला आहे ना हे पाहावे. लॉगिन होऊन स्टोअर उघडले आणि एखादा मोफत गेम उतरू लागला, की मशीनवर बंदी नाही.

विक्रेता Console Sharing and Offline Play बंद न करताच परगावी गेला असेल तरी तुमचे मशीन अडत नाही. त्याला ते वेबवरच्या खाते व्यवस्थापनातून दूरूनही बंद करता येते, मात्र सर्व उपकरणे एकदम बंद करण्याची ती सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते.

'वीस गेम असलेल्या खात्यासह' अशी जाहिरात असेल तर जास्त पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. खाते विकणे कंपनीच्या अटींत बसत नाही, आणि मूळ ईमेल, जुने व्यवहार व मशीनचा अनुक्रमांक हे तपशील ज्याच्याकडे आहेत तो ग्राहक सेवेकडून ते खाते परत मिळवू शकतो. पासवर्ड बदलून घेतला म्हणून खाते आपले झाले असे होत नाही. त्या गेमची किंमत शून्य धरूनच भाव ठरवावा.

'जेलब्रेक' मशीन घ्यावे का, आणि ते ओळखावे कसे?

कंपनीचे सॉफ्टवेअरमधील निर्बंध तोडलेल्या मशीनला जेलब्रेक म्हणतात. नेटवर्कवर खेळायचे असेल तर ते घेऊ नये. ओळखण्याची खूण सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत असते. सेटिंग्जमध्ये ती 21.02-04.03.00 अशा रूपात दिसते आणि पहिले दोन आकडे वर्ष सांगतात, म्हणजे हे उदाहरण २०२१ चे. रोज वापरात असल्याचे सांगितलेले मशीन कित्येक वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर अडून बसले असेल आणि विक्रेता 'अपडेट करू नका' अशी विनवणी करत असेल, तर कारण उघड आहे. असे मशीन यापूर्वी नेटवर्कवर पकडले गेले आहे का, हे वरची लॉगिनची चाचणी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती चाचणी करायची तर अपडेट करावेच लागते.

दुबईहून आणलेले मशीन भारतात चालेल का?

चालते. वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टवर काम करतो, बदलावी लागते ती फक्त आठच्या आकड्यासारख्या तोंडाची साधी पॉवर केबल. गेमच्या डिस्कनाही प्रदेशाचे बंधन नाही. मात्र डिस्कवरच्या गेमसाठी अतिरिक्त मजकूर घ्यायचा असेल तर डिस्कचा आणि खात्याचा प्रदेश जुळावा लागतो, आणि ब्लू-रे चित्रपटांचे प्रादेशिक बंधन मशीनच्या मूळ विभागाप्रमाणे राहते.

चोरीचे मशीन ओळखण्यासाठी मोबाइलसारखी सरकारी यादी आहे का?

हरवलेल्या मोबाइलसाठीचे सीईआयआर पोर्टल आयएमईआय क्रमांकावर चालते आणि कन्सोलला तो क्रमांकच नसतो. म्हणून मूळ बिल पाहावे, त्यावरील किंवा खोक्यावरील अनुक्रमांक मशीनच्या लेबलशी अक्षर न् अक्षर जुळवावा आणि लेबल खरवडलेले असेल तर उठून निघावे. बिल नसेल तर अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि विक्रेत्याची सही असलेला एक साधा कागद करून घ्यावा आणि पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत.